‘माल चालेल’ याचं इंग्रजी काय?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. ‘आमच्या प्लँटमधून परदेशातल्या हेड ऑफिसला मराठी नोटचं इंग्रजी करून पाठवावं लागतं. शब्द बरोबर असतात, तरी तिकडून भलतंच उत्तर येतं. असं का होतं?’ आजचा भाग त्यावरच आहे. मी चाकणच्या एका कारखान्यात हेच काम करते. त्यामुळे आज सल्ल्यांची यादी देणार नाही. एक नोट घेते आणि तिचं इंग्रजी करताना काय काय झालं ते पहिल्यापासून सांगते.

पण त्याआधी माझी एक चूक. बरीच वर्षं झाली. मी तेव्हा दुसऱ्या कंपनीत होते, या कामात नवीन होते. एका सुपरवायझरने नोट लिहिली होती, ‘थोडे ओरखडे आहेत, पण माल चालेल.’ मी इंग्रजीत लिहिलं, ‘द मटेरियल इज ॲक्सेप्टेबल.’ शब्दकोशात बघितलं तर काहीच चूक नाही. पण क्वालिटीच्या भाषेत ‘ॲक्सेप्टेबल’ म्हणजे तपासून, ड्रॉइंगशी ताडून, सही करून स्वीकारलेला माल. सुपरवायझरला म्हणायचं होतं, ‘माझ्या मते वापरता येईल, पण बघा तुम्ही.’ हेड ऑफिसने तो माल ग्राहकाकडे जाऊ दिला. ग्राहकाने तो अडवला. तिकडच्या गोदामात माणसं लावून एकेक पीस निवडावा लागला. मग मीटिंगमध्ये स्क्रीनवर माझं वाक्य आलं आणि त्या माणसाला विचारलं गेलं, ‘तुम्ही हा माल स्वीकारला होता ना?’ तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, ‘मॅडम, मी असं म्हटलंच नव्हतं.’

खरंच म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं होतं, त्याच्या नावाने. त्या दिवशी मला कळलं की आपण केलेलं इंग्रजी पुढे त्या माणसाची साक्ष म्हणून वापरलं जातं. मूळ मराठी कागद तिकडे कोणी वाचत नाही.

आता सध्याच्या कारखान्यातली नोट. आमचं हेड ऑफिस जर्मनीत आहे. आम्ही गाडीच्या गिअरबॉक्समध्ये लागणाऱ्या पिना करतो. या पिना भट्टीत साधारण 920 ते 930 अंश सेल्सिअसला कार्बनच्या वातावरणात ठेवतात. पृष्ठभागातून कार्बन आत शिरतो, नंतर त्या तेलात विझवतात, म्हणजे वरचा थर कडक होतो आणि गाभा चिवट राहतो. या कडक थराच्या खोलीला केस डेप्थ म्हणतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गुरुवारी सकाळी भट्टी विभागाच्या प्रमुखांनी प्लँट हेडना ही नोट दिली, आणि प्लँट हेडनी ती माझ्याकडे पाठवली, ‘आजच इंग्रजी करून जर्मनीला टाका’ असं सांगून. नोट वाचते.

‘मा. साहेब, परवा रात्री तिसऱ्या पाळीत लाइट गेल्यामुळे दोन नंबर भट्टी साधारण पाऊण तास बंद पडली. आत असलेला माल तसाच राहिला. नंतर भट्टी चालू करून माल पूर्ण करण्यात आला. हार्डनेस तपासला असता बरोबर आला आहे. तरी माल चालेल असे वाटते. एकूण सव्वा लाखाचा माल आहे. मायक्रो झालेले नाही. मागेही एकदा असेच झाले होते, त्या वेळी अडचण आली नव्हती. जनरेटरचा विषय मागील वर्षापासून प्रलंबित आहे. तरी योग्य तो निर्णय व्हावा ही विनंती.’

दहा वाक्यं आहेत. आपल्यापैकी कोणीही ही नोट वाचली तर एका मिनिटात समजतं की लिहिणारा काळजीत आहे. आता हीच वाक्यं एकाखाली एक इंग्रजीत उतरवली तर काय होतं? वीज गेली, भट्टी थांबली, परत चालू केली, हार्डनेस बरोबर, माल चालेल, प्लीज टेक ॲप्रोप्रिएट डिसिजन. जर्मनीतला इंजिनिअर वाचतो आणि म्हणतो, ‘बरं, मग अडचण काय आहे? माल चांगला आहे असं तुम्हीच म्हणता.’ तो ‘थँक्स फॉर द इन्फॉर्मेशन’ लिहून मोकळा होतो. सोमवारच्या कंटेनरमध्ये माल चढतो.

म्हणजे शब्द गेले, पण काळजी इथेच राहिली.

ही काळजी नोटमध्ये नेमकी कुठे आहे? ती ‘मायक्रो झालेले नाही’ या तीन शब्दांत आहे. बघा ते कुठे बसलेत. मालाच्या किमतीनंतर आणि ‘मागेही असेच झाले होते’ याच्या आधी, मधोमध. आपल्याकडे वरिष्ठांना लिहिताना हरकतीची गोष्ट अशीच ठेवतात. आधी चांगलं सांगायचं, मग हळूच आडवी गोष्ट टाकायची, आणि शेवटी निर्णय साहेबांवर सोडायचा. आपला वाचक ती बरोबर उचलतो. इंग्रजीत कामाचं पत्र वाचणारा माणूस उलटं वाचतो. पहिल्या दोन ओळींत मागणी शोधतो, आणि तिथे ती नसेल तर बाकीचं त्याच्या दृष्टीने माहितीपुरतं असतं.

म्हणून माझी पहिली पायरी भाषांतराची नसते. मी पेन घेते आणि नोटमध्ये जिथे दोन अर्थ निघतात तिथे खूण करते. मग लिहिणाऱ्याला फोन करते. या नोटमध्ये सात खुणा झाल्या. सगळ्या सांगत बसत नाही, ज्यांनी पत्र बदललं त्या सांगते.

पहिली खूण, ‘परवा रात्री’. परवा म्हणजे मागचा परवा की पुढचा, हे क्रियापदावरून कळतं, इथे मागचाच आहे. पण वार कोणता? नोट गुरुवारची, म्हणून परवा म्हणजे मंगळवार रात्र. तिसरी पाळी रात्री अकराला सुरू होते. भट्टीच्या रेकॉर्डवर वीज गेल्याची वेळ होती 2 वाजून 20 मिनिटं. म्हणजे घड्याळाप्रमाणे बुधवार उजाडला होता. आपल्या पाळीच्या रजिस्टरला मात्र तो मंगळवारच. आणि उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणजे तिथे मंगळवारचे रात्रीचे 10 वाजून 50 मिनिटं झाली होती. त्यांच्याकडे ज्या तक्त्यात भट्टीचे रेकॉर्ड येतात, तो आपल्या वेळेने चालतो. मी नुसतं ‘ट्यूसडे नाइट’ लिहिलं असतं तर त्यांनी मंगळवारचा आलेख उघडला असता, त्यात काहीच सापडलं नसतं. म्हणून ‘वेन्सडे, 2:20 ए.एम., इंडिया टाइम’ असं लिहिलं, पुढे तारीख घातली आणि महिना अक्षरात लिहिला.

‘साधारण पाऊण तास’ याचंही तसंच. रेकॉर्डवर 48 मिनिटं होती. पण मी मनाने ‘साधारण’ खोडून 48 घातलं नाही. प्रमुखांना विचारलं, ते म्हणाले, ‘हो, रेकॉर्डचं बरोबर आहे, मी अंदाजे लिहिलं.’ मग पत्रात ‘48 मिनिट्स, ॲज पर फर्नेस रेकॉर्ड’ असं गेलं. आकडा कुठून आला ते आकड्याशेजारीच असावं. नाहीतर उद्या कोणी विचारलं की नोटमध्ये पाऊण तास आहे आणि पत्रात 48 मिनिटं कशी, तर उत्तर कोणाकडेच नसतं.

‘सव्वा लाखाचा माल’ ही तिसरी खूण. आपण 1,25,000 लिहितो. तिकडच्या माणसाला हा स्वल्पविराम कोड्यात टाकतो. बरं, 125,000 लिहावं तर जर्मन पद्धतीत स्वल्पविराम दशांशचिन्हाचं काम करतो, घाईत वाचणारा तो सव्वाशे समजू शकतो. ‘125 थाउजंड रुपीज’ असं शब्दात लिहिलं की प्रश्न मिटतो. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हेड ऑफिसला रुपयांपेक्षा नग हवे असतात. विचारलं तेव्हा कळलं, 640 पिना. ग्राहकाला किती कमी पडतील ते त्यावरून ठरतं. रुपये तसेच ठेवले, नग आधी घातले.

आता खरी अडचण. ‘तरी माल चालेल असे वाटते.’

या एका वाक्यात तीन फास आहेत. पहिला ‘तरी’. शाळेत आपण शिकलो, तरी म्हणजे असं असूनही. पण पत्राच्या मराठीत ‘तरी विनंती की’ असं लिहितो तेव्हा त्याचा अर्थ असतो ‘म्हणून, तेव्हा’. शेवटच्या वाक्यातला ‘तरी’ नक्की दुसऱ्या प्रकारचा आहे. पण हा पहिला? ‘हार्डनेस बरोबर आला, म्हणून माल चालेल’ असं म्हणायचंय, की ‘भट्टी बंद पडली होती, तरीसुद्धा माल चालेल’ असं? पहिल्यात तो तर्क आहे, दुसऱ्यात दिलासा. इंग्रजीत ‘देअरफोर’ लिहिलं तर हार्डनेसवरून माल पास केल्याचा जाहीर निष्कर्ष होतो. ‘स्टिल’ लिहिलं तर वेगळंच.

दुसरा फास ‘चालेल’. त्याची गोष्ट तुम्हाला सांगितलीच. आपण ‘चहा चालेल’ म्हणतो, ‘उद्या आलात तरी चालेल’ म्हणतो. त्यात पसंती नसते, हरकत नसल्याचं सांगणं असतं. ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही यावर ‘चालेल’ काहीच बोलत नाही.

तिसरा फास ‘असे वाटते’. कोणाला वाटते? नोटमध्ये कर्ता नाही. विभागप्रमुखांना, पाळीच्या इनचार्जना, की प्लँट हेडनी आधीच तोंडी सांगितलं होतं आणि यांनी ते लिहिलं?

मी फोनवर विचारलं, ‘दादा, माल चालेल असं कोणाचं मत आहे?’

थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मॅडम, चालायला पाहिजे असं मलाही वाटतंय. पण वाटून काय उपयोग?’

मी म्हटलं, ‘मग सही तुमची लागली तर कराल?’

‘मायक्रो झाल्याशिवाय कशी करणार? वरचा हार्डनेस बघून आतलं कळतं का?’

हे महत्त्वाचं होतं, म्हणून मी त्यांना नीट समजावून सांगायला लावलं. भाषांतर करणाऱ्याला यातलं निदान इतकं तरी समजायला हवं की चूक कुठे होईल ते ओळखता येईल. त्यांनी सांगितलं ते असं. 5 पिनांचा पृष्ठभागाचा हार्डनेस घेतला, तो 60 ते 61 एचआरसी आला. मर्यादा 58 ते 62 आहे, म्हणजे बरोबर. पण भट्टी पाऊण तास बंद होती तेव्हा तापमान उतरलं, पंखा थांबला, कार्बनचं वातावरण ताब्यात राहिलं नाही. तेवढा वेळ कार्बन आत शिरण्याचं काम नीट झालं नाही. वरचा पृष्ठभाग कडक लागेल, पण कडक थर हवा तेवढा खोल गेलाय की नाही ते वरून कळत नाही. त्यासाठी पिन कापायची, पॉलिश करायची आणि कडेपासून आत थोड्या थोड्या अंतरावर सूक्ष्म कडकपणा मोजत जायचा. तो 550 एचव्हीपर्यंत जिथे उतरतो, तिथपर्यंतची खोली म्हणजे केस डेप्थ. आमच्या पिनेला ती 0.8 ते 1.2 मिलिमीटर लागते. शॉपवर या सगळ्याला नुसतं ‘मायक्रो’ म्हणतात.

बघा, ‘मायक्रो झालेले नाही’ याचं मी ‘मायक्रो नॉट डन’ केलं असतं तर जर्मनीत कोणाला काय कळलं असतं? ‘केस डेप्थ हॅज नॉट बीन चेक्ड’ म्हटलं की तिकडचा इंजिनिअर खुर्चीत सरळ बसतो. त्याला लगेच समजतं की हार्डनेस बरोबर असण्याला किती अर्थ आहे.

मी विचारलं, ‘मग मायक्रो का नाही केलं?’ तर मशीन कॅलिब्रेशनला गेलं होतं, शुक्रवारी परत येणार होतं, शनिवारी संध्याकाळपर्यंत निकाल मिळाला असता. आणि कंटेनर सोमवारी निघणार होता. ही सगळी माहिती नोटमध्ये नव्हतीच. लिहिणाऱ्याला ती इतकी माहीत होती की लिहायची गरज वाटली नाही.

‘येणार होतं’ यावर एक वाक्य बोलते. मी मुद्दाम विचारलं, ‘दादा, मशीन शुक्रवारी येईल, की येणार आहे?’ ते हसले. पण मराठीत यात फरक आहे. ‘येणार आहे’ म्हणजे ठरलंय. ‘येईल’ म्हणजे पुष्कळदा नुसती अपेक्षा असते. इंग्रजीत दोन्हीला ‘विल’ लावलं की तिकडे तो शब्द दिल्यासारखा होतो, आणि मशीन शनिवारी आलं तर आपण खोटे पडतो. त्यांनी सांगितलं, गाडीत चढल्याचा कागद आलाय. तरी मी ‘एक्स्पेक्टेड ऑन फ्रायडे’ असंच लिहिलं, कारण निघालंय हे पक्कं होतं, पोचणं अजून व्हायचं होतं.

आता ‘योग्य तो निर्णय व्हावा’. निर्णय कोणी घ्यायचा, कशाचा, कधीपर्यंत? फोनवर विचारल्यावर निघालं की निर्णय एक नाही, दोन आहेत. एक, या 640 पिना सोडून बाकीचा कंटेनर पाठवायचा की सगळा कंटेनर थांबवायचा. भट्टीचं चक्र मधे तुटलेला माल हेड ऑफिसच्या लेखी परवानगीशिवाय आम्हाला पाठवता येत नाही, म्हणून हे त्यांनीच ठरवायचं. दुसरा, जनरेटर. त्याचा खर्च प्लँट हेडच्या अधिकाराबाहेर आहे, प्रस्ताव गेल्या वर्षी तिकडे गेलाय. मूळ नोटमध्ये जनरेटरचं वाक्य तक्रारीसारखं दिसतं. खरं तर ती दुसरी मागणी आहे.

इतकं झाल्यावर मी इंग्रजी लिहायला बसले. सगळं पत्र वाचत नाही, सांगाडा सांगते. विषयाच्या ओळीत ‘डिसिजन नीडेड बाय मंडे’ आणि पुढे ‘640 पिन्स ऑन होल्ड’. पहिल्या परिच्छेदात दोन प्रश्न, एक आणि दोन असे आकडे घालून. दुसऱ्यात काय घडलं, वेळेसकट. तिसऱ्यात काय तपासलं, काय तपासलं नाही आणि ते कधी होईल. चौथ्यात विभागप्रमुखांचं मत. तिथे मी लिहिलं होतं, ‘द सेक्शन हेड थिंक्स द पिन्स आर प्रॉबेब्ली युजेबल, बट विल नॉट रिलीज देम अंटिल केस डेप्थ इज नोन.’

‘मा. साहेब’, ‘विनंती’, यांचं काय केलं? ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलं नाही. मराठीत तो आदर आहे, तिकडे ती जुन्या कारकुनी इंग्रजीची छाप वाटते. आदर ठेवायचा तर त्यांचा वेळ वाचेल असं लिहावं.

यानंतरची पायरी मी कधीच सोडत नाही. इंग्रजी पत्र समोर ठेवायचं आणि लिहिणाऱ्याला त्याचं मराठी करून वाचून दाखवायचं. मूळ नोट बघायची नाही, फक्त इंग्रजीत जे आहे तेच मराठीत बोलायचं. मी भट्टीवर गेले आणि वाचलं. चौथ्या परिच्छेदाला त्यांनी हात वर केला. ‘केस डेप्थ कळेपर्यंत माल सोडणार नाही, असं आलंय का? मॅडम, हे साहेबांना धमकी दिल्यासारखं वाटतंय. मी असं बोलत नाही.’

मी म्हटलं, ‘पण सही करणार नाही असं तुम्हीच म्हणालात.’

‘तुम्हाला म्हणालो. कागदावर मी मागणी करतोय.’

बरोबर होतं त्यांचं. फोनवर मला सांगितलेलं आणि कागदावर त्यांना मांडायचंय ते, दोन्ही एकच नव्हतं. मी त्यांच्या मनातलं ओळखलं म्हणून ते त्यांच्या तोंडी घालायचा अधिकार मला मिळत नाही. वाक्य बदललं, ‘आस्क्स दॅट दे स्टे ऑन होल्ड अंटिल केस डेप्थ इज नोन.’ माल तेवढाच थांबतो, पण माणूस जसा बोलतो तसा दिसतो.

दुसरी गोष्ट ‘माल पूर्ण करण्यात आला’ ही. कोणी केला? पाळीच्या इनचार्जने. भट्टी पुन्हा चालू करून चक्र पुढे न्यायचा निर्णय त्यांचा होता. मराठीत ‘करण्यात आला’ म्हटलं की कर्ता झाकला जातो, आणि पुष्कळदा तो मुद्दाम, सभ्यपणे झाकलेला असतो. चांगलं इंग्रजी लिहायचं म्हणून सगळी वाक्यं कर्तरी करायची सवय असते. इथे तसं केलं तर एक माणूस उगाच समोर उभा राहतो. दुसऱ्या बाजूने, हेड ऑफिसचा पहिला प्रश्न तोच असणार, कोणी ठरवलं? मी नियम असा ठेवलाय की रेकॉर्डवर सही असेल तर पद लिहायचं, नाव नाही. सही नसेल तर वाक्य कर्मणिच ठेवायचं आणि अंदाज करायचा नाही. इथे पाळीच्या रजिस्टरला सही होती, म्हणून ‘द शिफ्ट इनचार्ज रिस्टार्टेड द फर्नेस’ असं गेलं. आणि हे वाक्य मी त्या इनचार्जनाही वाचून दाखवलं.

मग पत्र प्लँट हेडकडे गेलं, कारण ते त्यांच्या नावाने जाणार होतं. त्यांनी वाचलं आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. ‘मागेही एकदा असेच झाले होते.’ म्हणाले, ‘हे काढून टाका. उगाच जुनं उकरतील.’

त्यांची भीती खोटी नव्हती. भट्टीवाल्यांनी ते वाक्य दिलासा म्हणून लिहिलं होतं, मागे काही झालं नाही, आताही होणार नाही. जर्मनीत ते उलटं वाचलं जाणार होतं. मागे झालं होतं तर तेव्हा आम्हाला का कळवलं नाही? एकच वाक्य, पण वाचणारा बदलला की दिलाशाची कबुली होते.

मी त्यांना म्हटलं, ‘साहेब, काढायचं असेल तर मूळ मराठी नोटमधून काढू. विभागप्रमुखांना सांगून नवी नोट घेऊ, त्याचं मी भाषांतर करीन. पण नोटमध्ये आहे आणि इंग्रजीत नाही, असं माझ्याकडून व्हायला नको.’ बदल करायचाच तर मुळात करावा, भाषांतरात नको. कारण भाषांतरातला बदल कोणाच्याच सहीचा नसतो.

ते जरा चिडले. मग विभागप्रमुखांना बोलावलं. त्यातून कळलं की मागची वेळ म्हणजे सहा महिन्यांपूर्वीची, भट्टी जेमतेम 15 मिनिटं थांबली होती, आणि आतला माल वेगळा होता, पिना नव्हत्या. म्हणजे ‘असेच’ हे खरं तर असंच नव्हतं. वाक्य राहिलं, पण महिना, मिनिटं आणि मालाचा प्रकार लिहून. आता ते दिलासाही नव्हतं आणि कबुलीही नव्हती, नुसती माहिती होती. पत्राखाली मूळ मराठी नोटचा फोटो जोडला, नेहमीच जोडते. आमच्या हेड ऑफिसमध्ये दोन मराठी इंजिनिअर आहेत, शंका आली तर ते मूळ वाचू शकतात.

पत्र गुरुवारी दुपारी गेलं. शुक्रवारी सकाळी दोन ओळींचं उत्तर आलं. 640 पिना काढून बाकीचा कंटेनर पाठवा, केस डेप्थचा निकाल आल्यावर बोलू. शनिवारी भट्टीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातली एकेक पिन कापली. दोन बरोबर निघाल्या. खालच्या कोपऱ्यातली 0.72 आली, किमान 0.8 हवी होती. हार्डनेस त्या पिनेचाही 60 होता.

जनरेटरच्या प्रश्नावर त्यांनी नवं कोटेशन मागवलं. ते पाठवून आता काही महिने झाले. तो विषय अजून प्रलंबितच आहे, आणि त्याचं इंग्रजी मी ‘पेंडिंग’ असं न लिहिता ‘अवेटिंग युवर अप्रूव्हल’ असं लिहिते. प्रलंबित कोणाकडे आहे, तेही कळायला हवं ना!

एक मर्यादा सांगून थांबते. हे सगळं जमलं कारण लिहिणारा माणूस दोनशे पावलांवर होता आणि फोन उचलत होता. कधी कधी तो रजेवर असतो, फोन लागत नाही, आणि साहेब म्हणतात आत्ता पाठवा. तेव्हा मी दोन अर्थ निघणारं वाक्य गुळगुळीत करत नाही. इंग्रजीत सरळ लिहिते की या ठिकाणी मूळ नोट स्पष्ट नाही, लिहिणाऱ्याला विचारून कळवते. तिकडच्या लोकांना त्याचा राग येत नाही, हा माझा अनुभव आहे. राग येतो तो नंतर अर्थ बदलला की.

तुमच्याकडे अशी एखादी नोट अडली असेल, तर तुमच्या कंपनीचं नाव काढून वाक्य पाठवा. पुढच्या भागात त्यातली दोन-तीन घेऊ. ‘शक्यतो’ आणि ‘बघून घेऊ’ यांचं इंग्रजी काय करायचं हे बरेच जण विचारताहेत, तेही तेव्हाच बोलू. भेटूया.